प्लास्टरला सिमेंट आणि वाळू किती लागणार: ओल्या मालावरून सुक्या मालाचा हिशोब

मागच्या वर्षी मामांच्या गावी एका खोलीचं आतून प्लास्टर करायचं होतं. मामांनी स्वतःच कागदावर हिशोब केला, भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, म्हणजे १:४ चा माल, म्हणून आलेलं उत्तर पाचने भागलं, सिमेंट तीन बॅगांच्या थोडं वर आलं. वरचं भागेल कसंतरी म्हणून त्यांनी तीनच बॅगा आणल्या. तिसरी बॅग संपली तेव्हा बारा फुटाची एक आख्खी भिंत कोरी उरली होती, गवंडी आणि दोन बिगारी बसून, आणि सिमेंटचं दुकान तालुक्याला. मामा म्हणाले गवंड्याने माल उडवला. गवंडी म्हणाला, "दादा, तुमचा हिशोबच कच्चा आहे." आणि खरं सांगायचं तर गवंडी बरोबर होता.

मामांनी काढलं ते ओल्या मालाचं माप, म्हणजे भिंतीवर बसलेल्या प्लास्टरचं. पण दुकानातून आपण आणतो तो सुका माल, आणि सुका माल पाणी घालून कालवला की आकसतो. मामांची एक चूक तिथे झाली आणि दुसरी भिंतीच्या सांध्यात, दोन्ही सांगतो. त्यांचीच खोली उदाहरणाला घेतो कारण आकडे माझ्याकडे आहेत.

आधी एक मग घेऊन बघा

हे वाचून पटत नसेल तर घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. चहाचा किंवा आंघोळीचा कुठलाही एक मग घ्या. कोरडी, चाळलेली वाळू चार मग आणि सिमेंट एक मग घमेल्यात टाका. मोजून टाकलेत पाच मग. आता हे नुसतं सुकंच फावड्याने किंवा थापीने नीट मिसळा आणि परत मगाने मोजा, पाच भरणार नाहीत. कुठे गेलं? कुठेच नाही गेलं, सिमेंट पिठासारखं बारीक असतं ते वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळीत जाऊन बसलं. मग पाणी घाला, पाऊण ते एक मग लागेल, प्लास्टरला लागतो तसा माल कालवा आणि मोजा. पावणेचार मगांच्या आसपास भरेल.

म्हणजे पाच मग सुका माल घातला, वरून पाणीही घातलं, आणि हातात आला पावणेचार मग ओला माल. पाच भागिले पावणेचार केलं तर १.३३ येतं. इंटरनेटवर आणि इंजिनिअर लोकांच्या तोंडी जो १.३३ चा आकडा असतो तो हाच.

कारण समजून घ्या म्हणजे आकडा पाठ करायची गरज पडत नाही. कोरड्या वाळूच्या ढिगात जवळपास चाळीस टक्के हवा असते. सिमेंटच्या बॅगेत तर अर्ध्याहून जास्त हवाच असते, ५० किलोची बॅग ३५ लिटर जागा घेते पण त्यात सिमेंटचे कण निव्वळ १६ लिटरभर असतात. पाणी घातलं की ही हवा निघून जाते, तिची जागा पाणी आणि सिमेंटची पेस्ट घेते, आणि एकूण माप कमी होतं. पाणी घातल्यावर माल वाढला पाहिजे असं वाटतं मनाला, कणीक मळताना कोणी असा विचार करत नाही पण, दोन वाट्या पीठ आणि एक वाटी पाण्याची तीन वाट्या कणीक कधीच होत नाही.

पहिलं काम, भिंतीचं क्षेत्रफळ

मामांची खोली आतून १० बाय १२ फूट, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४ फूट लांबी गुणिले १० फूट उंची, ४४० चौरस फूट. एक दरवाजा ३ बाय ७ चा, २१ चौरस फूट. एक खिडकी ४ बाय ४ ची, १६ चौरस फूट. दोन्ही मिळून ३७ वजा.

इथे बरेच जण थांबतात, पण खिडकी दरवाजाच्या कडा पण प्लास्टर कराव्या लागतात ना. दरवाजाच्या दोन बाजू आणि वरची कड मिळून १७ फूट, खिडकीच्या चारही बाजू १६ फूट, एकूण ३३ फूट लांबी. आतल्या बाजूने साधारण ४ इंच खोली धरली तर ११ चौरस फूट होतं. तेवढं परत मिळवा.

४४० वजा ३७ अधिक ११, म्हणजे ४१४ चौरस फूट. मीटरमध्ये करायचं असेल तर १०.७६४ ने भागा, ३८.४६ चौरस मीटर येतं. (कॉन्ट्रॅक्टरचं बिल मोजायचे नियम वेगळे असतात, त्यात लहान ओपनिंग वजाच करत नाहीत वगैरे. आपण इथे माल किती आणायचा ते काढतोय, बिल नाही. दोन्ही हिशोब एका कागदावर करू नका, भांडणं होतात.)

दुसरं काम, जाडी, आणि इथेच लोक फसतात

आतलं प्लास्टर १२ मिलीमीटर धरतात, म्हणजे अर्धा इंचच. कॅल्क्युलेटरवर ३८.४६ गुणिले ०.०१२ केलं की ०.४६१५ घनमीटर येतं. मामांची पद्धत इथपर्यंत बरोबर होती.

पण वीटकाम म्हणजे काच नाही. विटांच्या मधले सांधे प्लास्टर चिकटावं म्हणून मुद्दाम आतपर्यंत खोदून ठेवलेले असतात, विटा थोड्या पुढे मागे असतात, आणि गवंडी पहिला थर जोरात फेकतो तो आधी या खड्ड्यांमध्ये जातो. हा माल भिंतीवर दिसत नाही, १२ मिमीच्या मागे लपतो, पण लागतो तर खरा. त्यासाठी १२ मिमीच्या प्लास्टरला २० टक्के वाढवून धरायची पद्धत आहे. १२ चे २० टक्के म्हणजे २.४ मिमी. तर भिंतीवर दिसणार १२ पण माल खाणार १४.४ मिमीचा.

आता एक गोष्ट, जी मला पण उशिरा कळली. हे २० टक्के म्हणजे २० टक्केच असं नाही, ते खरं म्हणजे २.४ मिमी आहे. बाहेरून २० मिमीचं दोन थरांचं प्लास्टर करता तेव्हा जाडी वाढली म्हणून विटांचे सांधे काही मोठे होत नाहीत, ते खाणार तेवढाच माल खातात. म्हणून तिथे २० चे २० टक्के असे ४ मिमी धरलेत तर माल उरेल, २० अधिक २.४ धरा. आणि ब्लॉकची भिंत असेल, तो पांढरा हलका ब्लॉक, तर त्याचे सांधे पातळ आणि पृष्ठभाग सपाट, तिथे हे वाढीव अजून कमी चालतं. उलट साडेचार इंची भिंतीची एक बाजू कायम खडबडीत येते कारण गवंडी दोरी एकाच बाजूला लावतो, दुसऱ्या बाजूला विटेचा जो काही लहान मोठेपणा असेल तो दिसतो. त्या बाजूला १२ धरूच नका, १५ धरा.

आणि भिंतच ओळंब्यात नसेल तर मग कुठलाही टक्का उपयोगाचा नाही. हिशोब करायच्या आधी गवंड्याला सांगून ओळंबा लावून घ्या आणि वर, मध्ये, खाली किती जाडी बसणार आहे ते स्वतः पट्टीने मोजा. वर १० मिमी आणि खाली २५ मिमी येत असेल तर सरासरी जाडी १७-१८ होते, साधारण १.४ पट माल. हे वीटकाम करणाऱ्याचं पाप असतं आणि प्लास्टरवाल्याच्या नावावर जातं.

मामांची भिंत बरी होती. ०.४६१५ गुणिले १.२, ओला माल आला ०.५५४ घनमीटर.

तिसरं काम, ओल्याचं सुकं

आता तो मगवाला आकडा. ०.५५४ गुणिले १.३३ बरोबर ०.७३७ घनमीटर सुका माल. हा सिमेंट आणि वाळू दोन्ही मिळून आहे.

काही जण इथे १.५४ ने गुणतात. तो आकडा काँक्रीटचा आहे, त्यात खडी असते, खडीच्या मोठ्या पोकळीत वाळू जाते, वाळूच्या पोकळीत सिमेंट जातं, त्यामुळे आकसणं जास्त. प्लास्टरला खडी नसते. १.५४ लावलात तर १६ टक्के माल उगाच जास्त येईल, आणि सिमेंट उरलं तर उरलं ते पावसाळ्यात दगड होऊन बसतं.

दुसरा घोळ म्हणजे १.३३ मध्येच ते सांध्यांचे २० टक्के आले असं समजणे. नाही आले. १.३३ हे मालाच्या पोटातली हवा निघण्याचं, २० टक्के हे भिंतीच्या खड्ड्यांचं. दोन वेगळे खड्डे आहेत, एक मालात आणि एक भिंतीत. दोन्हीने गुणायचं.

१.३३ सगळ्याला चालतं का

१:४ च्या मालाला चालतं. बाकीच्याला थोडं सरकतं, आणि का सरकतं ते समजलं तर अंदाज आपोआप पक्का होतो.

केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दर विश्लेषणाच्या तक्त्यात एक घनमीटर तयार माल करायला काय काय लागतं ते दिलेलं असतं. १:३ ला सिमेंट ५१० किलो, १:४ ला ३८० किलो, १:५ ला ३१० आणि १:६ ला २५० किलो. आणि वाळू? चारही वेळा १.०७ घनमीटरच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती, पण नीट विचार केला तर बरोबरच आहे. एक घनमीटर प्लास्टरचा सांगाडा वाळूच उभा करते, एक घनमीटरला साधारण एक घनमीटर वाळू लागणारच, सिमेंट तिच्या पोकळीत राहायला येतं, भाडेकरूसारखं. भाडेकरू कमी असो जास्त असो, घराचा आकार तोच.

म्हणून सुक्या मालाची बेरीज केली तर १:३ ला १.४२ च्या आसपास येते, १:४ ला १.३३, १:५ ला १.२९ आणि १:६ ला १.२४. म्हणजे १:६ च्या मालाला १.३३ ने गुणलंत तर थोडं जास्त येईल, सिमेंट नऊ टक्क्यांच्या आसपास, एक दोन खोल्यांना त्याने फरक पडत नाही पण आख्ख्या बंगल्याला पडतो. आणि छताला १:३ चा माल करताय तर १.३३ कमी पडेल. एवढं लक्षात असलं तरी पुरे.

चौथं काम, वाटणी

१:४ म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू, एकूण पाच भाग. ०.७३७ ला पाचने भागायचं, चारने नाही. हे इतकं साधं वाटतं पण चारने भागणारे मी बघितले आहेत, मग सिमेंट सव्वापाच बॅग येतं आणि पुढचं सगळं गंडतं.

सिमेंट: ०.७३७ ÷ ५ = ०.१४७ घनमीटर
किलोमध्ये: ०.१४७ × १४४० = २१२ किलो
बॅगा: २१२ ÷ ५० = ४.२४
वाळू: ०.१४७ × ४ = ०.५८९ घनमीटर
घनफुटात: ०.५८९ × ३५.३१ = २०.८ घनफूट

१४४० हे एक घनमीटर सिमेंटचं किलोमध्ये वजन, हवेसकट.

मीटरचं टेन्शन येत असेल तर फुटातच करा, उत्तर तेच येतं. १२ मिमी म्हणजे ०.०३९४ फूट. ४१४ गुणिले ०.०३९४ म्हणजे १६.३ घनफूट, गुणिले १.२ म्हणजे १९.५६, गुणिले १.३३ म्हणजे २६ घनफूट सुका माल. पाचने भागून ५.२ घनफूट सिमेंट, एक बॅग १.२२६ घनफुटाची, म्हणून परत ४.२४ बॅगा. वाळू २०.८ घनफूट. दोन्हीकडून उत्तर जुळलं की झोप चांगली लागते.

चार बॅगा आणि वर पाव बॅग. अर्थात पाव बॅग कोणी देत नाही, पाच आणायच्या, उरलेली कडा, टाकीचा कट्टा, कुठेतरी लागतेच. मामांनी १.३३ लावलं नाही आणि २० टक्केही नाही, ०.४६१५ ला थेट पाचने भागलं असतं तर त्यांचं उत्तर २.७ बॅगा यायला हवं होतं, त्यांनी खिडकी दरवाजा वजा न करता जाडी जरा वाढवून धरली म्हणून तीनच्या वर आलं. चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या थोडाफार, पण पुरेशा नाही.

वाळू ओली असली की काय होतं

आता हा भाग नीट वाचा कारण कागदावरचा हिशोब बरोबर येऊनही साइटवर इथेच सगळं बिघडतं.

वर आलेली २०.८ घनफूट वाळू ही कोरडी वाळू आहे. आपल्याकडे येणारी वाळू बहुतेक दमट असते, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, असेल तर धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं असतं, धुतलेली असेल तर निथळत असते. दमट वाळूच्या प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पडदा असतो आणि तो दाण्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो. चार पाच टक्के ओलावा असला की वाळू फुगते, २० ते ३० टक्के सहज, बारीक असेल तर त्याहून जास्त. गंमत म्हणजे अजून पाणी घातलं, वाळू पूर्ण बुडवली, की पडदे फुटतात आणि वाळू परत बसते, कोरडी होती तेवढीच होते. म्हणून कोरडी वाळू चालेल, पूर्ण बुडालेली चालेल, मधली दमट फसवते.

किती फुगली आहे ते बघायला प्रयोगशाळा नको. सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या, त्यात दमट वाळू साधारण दोन तृतीयांश भरा, दाबू नका, वर सपाट करा आणि पट्टीने उंची मोजा. समजा २० सेंटीमीटर आली. वाळू बाजूला काढा, डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू हळूहळू परत त्यात सोडा, सळईने ढवळा आणि बसू द्या. आता उंची मोजा. १६ आली तर २० वजा १६ चार, चार भागिले १६, म्हणजे २५ टक्के फुगलेली वाळू. भागायचं खालच्या आकड्याने, १६ ने, २० ने नाही.

मामांच्या खोलीला २५ टक्के फुगलेली वाळू आली तर मागवायची २०.८ गुणिले १.२५, म्हणजे २६ घनफूट. त्यात चाळणीवर राहणारे गोटे, कचरा, जमिनीला चिकटून राहणारा थर, हे धरून मी २९-३० घनफूट सांगतो. ब्रासमध्ये ०.३ ब्रास, कारण १०० घनफुटांचा एक ब्रास. क्रश सँड टनावर मिळत असेल तर एवढ्या खोलीला टनाच्या जरा वर सांगा. गाडीतली वाळू खाली ओतायच्या आधी ट्रॉलीतच लांबी रुंदी उंची टेपने मोजून घ्या, ओतल्यावर ढिगाचा ब्रास कोणालाच मोजता येत नाही आणि ट्रॉलीत फुगलेली दिसणारी वाळू तुम्ही पैसे देऊन हवा विकत घेतलेली असते, हेही त्यात आलं.

पण खरेदीपेक्षा मोठा त्रास मिश्रणात होतो. गवंड्याला सांगितलं एक बॅगेला चार फर्मे, म्हणजे मोजायच्या चार पेट्या, वाळू. त्याने इमानदारीत चार फर्मे दमट वाळू टाकली. त्या चार फर्म्यांत खरी वाळू ४ भागिले १.२५, म्हणजे ३.२ फर्मेच आहे. तुमचा १:४ चा माल कोणालाही न विचारता १:३.२ चा झाला. माल कमी बनला म्हणून सिमेंट लवकर संपलं, आणि वर ते जास्त सिमेंटचं प्लास्टर सुकताना जास्त आकसतं, आठवड्याभरात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसायला लागतं. लोक म्हणतात सिमेंट कमी टाकलं म्हणून भेगा, इथे उलटं असतं. पाणी कमी मारल्याने पण भेगा येतात, ते वेगळं, पण जाळं जर सगळीकडे सारखं असेल आणि सिमेंटही हिशोबापेक्षा लवकर संपलं असेल तर आधी वाळूकडे बघा.

उपाय सरळ आहे. २५ टक्के फुगलेली असेल तर चारच्या जागी पाच फर्मे टाकायला सांगा. गवंडी तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल, तुम्ही त्याला डब्याचा खेळ दाखवा.

फर्मा आणि घमेलं

फर्मा म्हणजे मोजायची बिनझाकणाची पेटी, लाकडाची किंवा पत्र्याची. आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची करून घ्या, बरोबर ३५ लिटर होते, म्हणजे एक सिमेंटची बॅग. मग १:४ म्हणजे एक बॅग आणि चार फर्मे, डोकं लावायची गरज नाही. सिमेंट मात्र फर्म्याने मोजू नका, ते दाबलं तर कमी जागेत बसतं आणि ओतलं तर फुगतं, आख्खी बॅगच फोडा.

घमेल्याने मोजायची सवय सगळीकडे आहे आणि घमेलं प्रत्येक साइटचं वेगळं, भरणारा प्रत्येक बिगारी वेगळा, सकाळी शीग लावून भरतो आणि दुपारी तीननंतर अर्धं. घमेल्यानेच करायचं असेल तर निदान एकदा तुमचं घमेलं फर्म्यात ओतून बघा किती घमेल्यांना एक फर्मा भरतो, आणि तो आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवा, जी भिंत शेवटी प्लास्टर होणार आहे तिच्यावर.

काम चालू असताना कसं ओळखायचं

एका बॅगेचा १:४ चा माल किती बनतो? ३५ लिटर सिमेंट आणि १४० लिटर वाळू, एकूण १७५ लिटर सुकं, भागिले १.३३, म्हणजे १३१ लिटर ओला माल. १२ मिमीच्या प्लास्टरला सांध्यांसकट दर चौरस मीटरला १४.४ लिटर लागतो. १३१ भागिले १४.४, म्हणजे ९.१ चौरस मीटर, जवळजवळ ९८ चौरस फूट. जुने गवंडी जे म्हणतात ना, "बॅगेला शंभर फूट", ते हेच, त्यांना १.३३ माहीत नसतं पण हाताला माहीत असतं. मामांच्या तीन बॅगांत पण २९४ फूट झालं आणि ४१४ मधून १२० उरलं, बारा बाय दहाची ती कोरी भिंत. गवंड्याने एक घमेलंही उडवलं नव्हतं.

तर पहिल्या दिवशी पहिली बॅग फोडली की ती संपेपर्यंत किती भिंत झाली ते टेप लावून मोजा. ९० ते १०० फूट आलं तर सगळं ठीक. ७० फूटच आलं तर तीन शक्यता. एक, जाडी जास्त बसतेय, ९८ भागिले ७० गुणिले १४.४ करून सांध्यांचे २.४ वजा केले तर १८ मिमीच्या जवळ येते, लगेच ओल्या प्लास्टरमध्ये खिळा घुसवून दोन चार ठिकाणी बघा. दोन, जाडी बरोबर आहे पण वाळू फुगलेली आहे आणि माल कमी बनतोय, डब्याचा खेळ करा. तीन, माल खाली पडून वाया जातोय किंवा दुपारच्या जेवणाआधी एकदम जास्त कालवून ठेवलाय आणि तो आवळून गेला म्हणून फेकतायत. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी करायचा असतो, आवळलेल्या मालात परत पाणी घालून वापरला तर तो फेकला असता तरी बरं होतं.

आणि एका बॅगेत १३० फूट झालं तर खूश होऊ नका. एकतर प्लास्टर साडेआठ मिमीचं बसतंय आणि विटेचा आकार सुकल्यावर भिंतीवर उमटेल, किंवा चार ऐवजी सहा फर्मे वाळू जातेय. दुसरं असेल तर चार पाच दिवसांनी नखाने किंवा खिळ्याने ओरखडा काढून बघा, वाळू भुरभुर हातात येते.

बाहेरच्या भिंतीचा विषय निघालाच आहे तर तोही याच रस्त्याने. शंभर चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर, जाडी २० अधिक २.४ मिमी, ओला माल ०.२०८ घनमीटर, सुका ०.२७७, १:४ ला सिमेंट ८० किलो म्हणजे १.६ बॅगा आणि कोरडी वाळू ७.८ घनफूट. दोन थर असतात आणि दोन्ही थरांचं प्रमाण बऱ्याचदा वेगळं ठेवतात, तसं असेल तर प्रत्येक थराचा ओला माल वेगळा काढा आणि सांध्यांचे २.४ मिमी फक्त पहिल्या थरातच धरा, दुसऱ्या थराला भरायला सांधे उरलेलेच नसतात.

मामांनी आता माळ्यावरच्या खोलीचा हिशोब करून पाठवला आहे, १.३३ पण लावलंय आणि २० टक्के पण. फक्त छताच्या सहा मिमीला पण विटांचे सांधे धरलेत त्यांनी. स्लॅबला सांधे नसतात हे फोन करून सांगायचं राहिलंय.